फ्लॅटमधला होम: पळीत तूप किती आणि धूर कुठून जाणार

फ्लॅटमध्ये वास्तुशांत किंवा 108 आहुत्यांचा छोटा होम ठरला की आधी मुहूर्त पाहिला जातो, मग गुरुजी ठरतात, मग सामानाची यादी हातात येते. यादीत तूप असतं, "पाव किलो" किंवा "अर्धा किलो" असं लिहिलेलं. ते कोणत्या पळीने आणि किती वेळाने पडणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ज्वाला किती उंच जाईल, छताजवळची हवा किती तापेल, धूर पांढरा निघेल की काळा, आणि लॉबीतला भोंगा वाजेल की नाही, हे सगळं त्या पळीवर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उदाहरणाला एक साधा हॉल घेऊ: 12 बाय 14 फूट, छत 9 फुटांवर, एका बाजूला सरकती खिडकी, समोरच्या बाजूला बेडरूमचं दार. वरच्या तोंडाला 8 इंच असलेलं चौकोनी कुंड. साधारण 40 मिनिटांचा होम, 108 आहुत्या, दर दहा सेकंदांना एक.

नुसत्या समिधांची आग फार मोठी नसते. 300 ग्रॅम सुकं लाकूड 40 मिनिटांत जळलं तर त्याची धग सरासरी 2 किलोवॅट पडते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या गॅसच्या एका शेगडीएवढी. ज्वाला कुंडाच्या वर चार-पाच बोटं, फार तर वीतभर दिसते. आता त्यात तूप घाला. तुपाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 37 किलोज्यूल ऊर्जा असते. सुक्या लाकडाच्या ती दुपटीहून जास्त आहे, शिवाय लाकूड सावकाश जळतं आणि पातळ तूप काही सेकंदांत पेटतं. दर दहा सेकंदांना 1 मिलीलीटर तूप पडलं तर तेवढ्यानेच साडेतीन किलोवॅटची भर पडते. लाकूड धरून साडेपाच किलोवॅट होतात आणि ज्वाला साधारण 25 सेंटिमीटरपर्यंत चढते. पाहायला प्रसन्न आणि आवाक्यातली.

त्याच लयीत दर वेळी चहाचा पूर्ण चमचा, म्हणजे 5 मिलीलीटर, पडला तर धग 19 किलोवॅटच्या आसपास जाते. नऊ-दहा शेगड्या एका जागी पेटवल्यासारखी ती आग असते आणि ज्वाला अर्ध्या मीटरच्या वर जाते. पहिल्या हिशेबात 108 आहुत्यांना जेमतेम 100 ग्रॅम तूप लागलं, दुसऱ्यात अर्धा किलो. मंत्र तेवढेच, आहुत्या तेवढ्याच, आगीत मात्र साडेतीनपट फरक.

म्हणून आदल्या दिवशी पळी मोजून घ्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीलीटरच्या खुणांचं झाकण येतं, ते घ्या. होमाला वापरणार त्याच पळीने, ज्या हाताने आणि जेवढी भरून आहुती देणार तेवढ्याच अंदाजाने, पातळ केलेलं तूप दहा वेळा त्या झाकणात ओता. झाकण लहान असेल तर मधे रिकामं करा आणि बेरीज धरा. एकूण 10 ते 15 मिलीलीटर भरलं तर पळी योग्य आहे. 40-50 भरलं तर ती पळी फ्लॅटसाठी नाही. स्टीलची आमटीची पळी तर घेऊच नका. लांब दांड्याची लाकडी स्रुवा उत्तम: तिची खोलगट जागा लहान असते आणि हात ज्वालेपासून हातभर लांब राहतो. तिचं टोक जळायला लागलेलं दिसलं तर ते तसंच तुपाच्या वाटीत बुडवू नका, आधी ओल्या फडक्यावर टेकवून विझवा आणि कोरडं पुसा.

हा हिशेब गुरुजींशी आधीच बोलावा, ऐन होमात नाही. "छत 9 फुटांवर आहे, वर स्प्रिंकलर आहे, आहुती लहान पळीने देऊ" एवढं सांगितलं तरी पुरतं. शहरात रोज फ्लॅटमध्ये होम करणाऱ्या गुरुजींना हे नवीन नसतं.

तूप कुठे पडतं यावरही बरंच आहे

तूप ज्वालेवर पडलं तर जळतं. ज्वाला बसलेली असेल आणि तूप नुसत्या निखाऱ्यांवर पडलं तर ते आधी उकळतं, मग त्याची वाफ होते आणि दाट पांढरा धूर उठतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तापलेल्या तुपातून अॅक्रोलिन नावाचा वायू सुटतो, तो हा त्रास देतो. याहून वाईट गोष्ट अशी की त्या पांढऱ्या धुरात न जळलेलं इंधनच असतं. अशा वेळी कुणी वाकून कापराची वडी टाकली की सगळी वाफ एकदम भडकते आणि झोत थेट वाकलेल्या तोंडावर येतो. भुवया, केस आणि पदर यांना झळ बसते ती बहुधा अशाच क्षणी.

तेव्हा पांढरा धूर दिसला की तूप थांबवायचं. बोटाएवढ्या जाडीच्या सुक्या काड्या कडेने उभ्या लावायच्या, म्हणजे खालून हवा खेळेल, आणि विंझण्याने बाजूने हलका वारा घालायचा. तोंड कुंडावर आणायचं नाही. ज्वाला उभी राहिली की पुन्हा आहुती सुरू. मंत्र चालू असताना आहुतीची लय अर्धा मिनिट थांबली तर बिघडत नाही, बसलेल्या आगीवर तूप ओतत राहिलं तर बिघडतं.

काळा धूर उलटं सांगतो. तूप जास्त झालं आणि त्याला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून काजळी धरते. छतावर नंतर जो काळा गोल उमटलेला दिसतो तो याचाच. त्यावरचा उपाय पळी लहान करणं आणि दोन आहुत्यांमधलं अंतर वाढवणं. काही कुंडांच्या तळाशी राखेत तूप झिरपून साठतं, वरून दिसत नाही आणि दहा मिनिटांनी अचानक मोठी ज्वाला उठते. आहुत्या बऱ्याच झाल्या तरी ज्वाला वाढत नसेल तर तूप जळत नाही, साठतंय, असं समजा आणि थांबा.

तुपाची वाटी कुंडापासून किमान दोन फूट दूर, काठ असलेल्या ताटात ठेवा. तूप फक्त पातळ हवं, कडकडीत नको. तुपाचा सगळा साठा कुंडाजवळ आणू नका. वाटीत एका वेळी 50 मिलीलीटर, बाकीचं स्वयंपाकघरात. कुणाचा धक्का लागून वाटी कलंडली तर त्या 50 मिलीलीटरचीच भीती, अर्ध्या किलोची नाही.

पूर्णाहुती

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या दोन मिनिटांत होते. आहुत्या संपतात, मंडळी उभी राहतात, यजमान-यजमानीण हात लावतात आणि उरलेलं सगळं तूप एकदम कुंडात ओतलं जातं. समजा वाटीत 100 मिलीलीटर उरलं होतं आणि ते मिनिटभरात जळलं. ती धग 55 किलोवॅटच्या घरात जाते. ज्वाला कुंडाच्या वर जवळजवळ एक मीटर उठते. कुंड विटांवर ठेवलेलं असल्याने तिचं टोक जमिनीपासून चार फुटांवर येतं, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आणि वाकून हात लावणाऱ्याच्या छातीशी.

वसोर्धारा असली तर तिचा शब्दशः अर्थ धरा: धार. पूर्णाहुतीचं तूप आधीच वेगळ्या लहान वाटीत काढून ठेवा, 25 मिलीलीटर पुरे. ते एका मिनिटभर सुतासारख्या बारीक धारेने सोडा. ज्वाला वाढेल, पण अर्ध्या मीटरच्या आसपास राहील. त्या वेळी कुंडाला हात लागेल एवढ्या जवळ दोनच माणसं असावीत. बाकीच्यांनी त्यांच्या खांद्याला हात लावावा, तशी पद्धत आहेच. मोठ्या वाटीत जे तूप उरेल ते घरात जाऊ द्या.

पूर्णाहुतीच्या नारळाचंही तसंच. अखंड नारळ आगीत गेला की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि नारळ फुटतो. फुटताना तो निखारे उडवतो, आणि ते कुठे पडतील याचा नेम नाही. सुका गोटा घ्या आणि त्याला वरून करंगळी जाईल एवढं भोक पाडा. गोट्यात तूप भरायची पद्धत असेल तर काठोकाठ भरू नका, त्यात सहज 50 मिलीलीटर आणि वर मावतं. तीळ आणि चमचाभर तूप पुरतं. गुंडाळायचं लाल वस्त्र सुती असू द्या. चमचमणाऱ्या कृत्रिम कापडाचं जळतं थेंबाथेंबाने गळणारं प्लास्टिक होतं.

समिधा, सामग्री आणि कुंडाखालची जमीन

समिधा आंब्याच्या असोत की पळसाच्या, फ्लॅटमध्ये पहिला निकष कोरडेपणा. दोन काड्या एकमेकींवर आपटा: सुक्या काड्यांचा आवाज टणक येतो, ओल्यांचा बद्द. सुक्या काडीच्या टोकाला बारीक भेगा असतात. पेटल्यावर टोकाशी फेस येऊन सूं सूं आवाज आला तर लाकडात पाणी आहे. ती धग पाणी उकळण्यात जाते, आग थंड राहते आणि घर धुराने भरतं. पावसाळ्यात आणलेली जुडी उन्हाला किंवा पंख्याखाली चार-पाच दिवस मोकळी पसरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली समिधांची जुडी आत घाम धरते, ती आणल्या आणल्या सोडा.

300 ते 400 ग्रॅम लाकूड पुरेसं आहे. काड्या अंगठ्याहून जाड नकोत आणि कुंडाच्या काठाबाहेर आलेल्या नकोत, कारण जळून अर्धी झालेली काडी बाहेरच्या भाराने खाली पडते. खोक्याच्या फळ्या, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड अजिबात नको. त्यातला डिंक आणि रंग जळून निघणारा धूर घातक असतो. गोवरी वापरायची तर चतकोर तुकडा, तोही खडखडीत वाळलेला. गोवरी धुमसत राहते, तिचा स्वभावच तो.

तयार हवन सामग्रीच्या पाकिटात भुसा, गुग्गुळ आणि राळ यांचं प्रमाण जास्त असलं तर ती ज्वालेपेक्षा धूरच जास्त देते. आदल्या दिवशी गॅलरीत एका पणतीत चिमूटभर पेटवून बघा. चरूचा ओला भात, दूर्वा आणि फुलं ही आग दाबणारी माणसं आहेत असं समजा: दूर्वा झटकून आणि पुसून घ्याव्यात, भाताची आहुती हरभऱ्याच्या दाण्याएवढी असावी, आणि ती ज्वाला असलेल्या कडेला पडावी. कापराचा डबा झाकण लावून पलीकडच्या खोलीत. कापराची वाफ साधारण 65 अंशालाच पेट घेऊ शकते, म्हणजे कुंडाशेजारी उघडा ठेवलेला डबा स्वतःहून धोका तयार करत असतो. रॉकेल, स्पिरिट किंवा हाताला लावायचं सॅनिटायझर यांचं होमाच्या खोलीत काहीच काम नाही.

टाइल्सवर कुंड थेट ठेवलं तर टाइल तडकते. एका ठिकाणी तापून फुगते, शेजारी थंड राहते, मधे भेग जाते. पत्र्याच्या परातीत दोन इंच कोरडी वाळू, त्यावर विटा, विटांवर कुंड. पूर्वीपासून होमाखाली वाळूचं स्थंडिल आणि विटा असतात, तेच इथेही कामाला येतं. वाळू खरोखर कोरडी हवी. विटांच्या मधे बोटभर फट ठेवा, हवा खेळली की खालचा थर तापत नाही. लॅमिनेटच्या लाकडी जमिनीवर होम करू नका, दुसरी खोली निवडा. कुंड नवं आणि काळ्या रंगाने रंगवलेलं असेल तर एकदा गच्चीत किंवा मैदानात रिकामी आग पेटवून तो रंग जाळून घ्या.

कुंडापासून दीड मीटरपर्यंत पडदा, सोफा, कागदी किंवा थर्माकोलची सजावट काही नको. थर्माकोल साधारण शंभर अंशालाच मऊ पडतो आणि पेटला की ठिबकत जळतो. वास्तुशांतीच्या मखराला तो सर्रास वापरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. पदर खोचलेला, उपरण्याची टोकं मागे बांधलेली. सुती किंवा रेशमी वस्त्र बरं. जॉर्जेट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

धूर बाहेर कसा काढायचा

"सगळ्या खिडक्या उघडा" हा सल्ला अपुरा आहे. हवा एका बाजूने आत आली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली तरच धूर जातो. धूर गरम असल्याने वर चढतो आणि छताखाली पसरतो. तेव्हा बाहेर जायची वाट कुंडाच्या जवळ हवी आणि ताज्या हवेची वाट माणसांच्या पाठीमागे. आपल्या उदाहरणात कुंड खिडकीपासून दीड मीटर आत, माणसं बेडरूमच्या बाजूला, आणि बेडरूमची खिडकी व दार उघडं.

वारा मात्र आपल्या आखणीनुसार वाहत नाही. आदल्या दिवशी, होमाच्याच वेळी, खिडकीजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला जात असेल तर छान. आत येत असेल तर कुंड आणि माणसं यांची जागा बदला, नाहीतर खिडकीच्या आत फूट-दीड फुटावर टेबल फॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा. असा उलटा फॅन चांगला एक्झॉस्ट होतो. मच्छरांची जाळी त्या वेळेपुरती सरकवा, ती बरीच हवा अडवते. उंच मजल्यावर दुपारच्या वाऱ्याचा झोत अचानक येतो, तिथे सकाळची वेळ बरी.

छताचा पंखा बंद. तो वर गेलेला धूर पुन्हा नाकापर्यंत खाली आणतो, ज्वाला आडवी करतो आणि राख उडवतो. स्प्लिट एसीही बंद, कारण तो बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो आणि तुपाची काजळी त्याच्या जाळीत बसते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला तर होमाचा धूर सगळ्या घरातून फिरत तिथे जातो, तेव्हा तो शेवटचा पर्याय. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो होम संपेपर्यंत बंद असावा. घरातली हवा जोरात बाहेर ओढली गेली तर गीझरचा धूर उलटा आत येऊ शकतो.

गॅलरी सोयीची वाटते, पण तिथे वाऱ्याचा झोत थेट लागतो आणि ठिणगी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. खिडकीजवळचा हॉलच बरा.

आता त्या गोष्टीकडे येऊ जिचा वास येत नाही. आग ज्वालेने जळत असताना कार्बन मोनॉक्साइड त्या मानाने कमी निघतो. लाल निखारे उरले की जास्त निघतो. आणि नेमकं तेव्हाच धूर थांबलेला असतो, म्हणून मंडळी खिडक्या लावतात, एसी सुरू करतात आणि पंगत बसते. ढोबळ हिशेब असा: 50 ग्रॅम निखारे बंद हॉलमध्ये जळून गेले तर सुमारे 10 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सुटतो. आपल्या हॉलची हवा 43 घनमीटर आहे, म्हणजे दर घनमीटरला 230 मिलीग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासासाठीची मर्यादा 35 मिलीग्रॅम आहे. म्हणून धूर दिसेनासा झाल्यावरही, निखारे राखाडी होऊन हाताला धग लागेनाशी होईपर्यंत, खिडक्या उघड्याच राहतात. एकाच वेळी दोन-तीन जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर उपास किंवा ऊन समजू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. स्मोक डिटेक्टरला हा वायू कळत नाही. दम्याचे रुग्ण, तान्ही बाळं आणि गरोदर बाई यांची जागा सुरुवातीपासूनच हवा आत येणाऱ्या खिडकीपाशी असावी.

भोंगा आणि स्प्रिंकलर

नव्या टॉवरमध्ये छतावर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पांढऱ्या वाटीसारखा दिसतो तो डिटेक्टर. त्यातल्या प्रकाशाच्या प्रकाराला धुराचे कण दिसतात: आत एक अंधारी पोकळी असते, तिथे धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि इशारा जातो. ओल्या समिधांचा दाट पांढरा धूर त्याला सगळ्यात लवकर कळतो. स्वयंपाकघरात बहुधा धुराऐवजी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर असतो. दुसरी गोष्ट स्प्रिंकलर, त्यात लहानशी काचेची कुपी असते. कुपीतला द्रव लाल असेल तर ती 68 अंशाला फुटते. स्प्रिंकलर धुराने फुटत नाही, उष्णतेने फुटतो, आणि फक्त तापलेलाच फुटतो.

इथे पळीचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. 1 मिलीलीटरच्या आहुत्यांनी कुंडाच्या बरोबर वर, छताजवळ, हवा 10-12 अंशांनी तापते. खोलीत 30 अंश असतील तर वर 42. काहीच होणार नाही. 5 मिलीलीटरच्या आहुत्यांनी 27 अंशांची भर, म्हणजे 57. आणि 100 मिलीलीटर एकदम ओतलेल्या पूर्णाहुतीने साधारण 55 अंशांची भर पडून वरची हवा 85 अंशांवर जाते. कुपी तापायला काही वेळ लागतो, म्हणून प्रत्येक वेळी ती फुटेलच असं नाही. पण फुटली तर मिनिटाला 60 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हॉलमध्ये पडतं, आणि खालची झडप बंद होईपर्यंत ते थांबत नाही. तेव्हा कुंड स्प्रिंकलरच्या आणि डिटेक्टरच्या थेट खाली कधीही नको, आडवं दोन मीटर तरी सरकवा. फॉल्स सीलिंगने छत खाली आलेलं असेल तर हे अंतर आणखी वाढवा.

डिटेक्टरवर पिशवी बांधणं किंवा चिकटपट्टी लावणं सर्रास चालतं, आणि ते चुकीचं आहे. पिशवी काढायची राहून जाते. घराला रंग देताना लावलेली प्लास्टिकची टोपी वर्षानुवर्षं तशीच राहिलेली घरं थोडी नाहीत. तुमच्याही डिटेक्टरवर ती आहे का, आजच पाहा. सुटा, बॅटरीवर चालणारा डिटेक्टर असेल तर त्यावर काही मिनिटं गप्प करणारं बटण असतं, तेवढं पुरतं. इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असेल तर सोसायटीच्या कार्यालयाला किंवा फायर पॅनेल सांभाळणाऱ्याला आदल्या दिवशी लेखी कळवा: फ्लॅट नंबर, तारीख, किती ते किती वाजता. नव्या पॅनेलवर एकच डिटेक्टर ठरावीक वेळेपुरता बंद ठेवता येतो. जुन्या पॅनेलवर मात्र अनेक घरांचा एक विभाग मिळून असतो. तो विभाग तुमच्या होमासाठी बंद करायला सांगू नका. त्याऐवजी धूर कमी करा आणि कुंड लांब ठेवा. बंद केलेला डिटेक्टर पुन्हा सुरू झाल्याचं पॅनेलवर स्वतः जाऊन पाहा. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं मालक आणि रहिवाशांवर बंधनकारक आहे. डिटेक्टर बंद असेल तेवढा वेळ खोलीत एका जागत्या माणसाने फक्त आगीकडे बघत बसायचं. फोटो काढणाऱ्याला ते काम देऊ नका.

आणखी एक चूक म्हणजे धूर कोंडला की मुख्य दार उघडणं. धूर लॉबीत जातो, तिथला डिटेक्टर इशारा देतो, बऱ्याच इमारतींत लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन उभ्या राहतात आणि बाराव्या मजल्यावरच्या आजोबांना जिना उतरावा लागतो. पाहुण्यांची ये-जा असली तरी दार दर वेळी लावून घ्या.

हाताशी काय आणि नंतर काय

कुंडाहून मोठं, सपाट, जड झाकण किंवा जुना तवा, आणि बादलीभर कोरडी वाळू, कुंडाच्या मागे नव्हे तर बाहेर जायच्या वाटेवर. ज्वाला हाताबाहेर जातेय असं वाटलं तर झाकण कडेने सरकवत ठेवा आणि ते दहा-पंधरा मिनिटं उचलू नका. लवकर उचललं की आतली गरम वाफ हवा मिळताच पुन्हा पेटते. जळत्या तुपावर पाणी कधीही नाही. पाणी तुपाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, वाफ सतराशे पट फुगते आणि जळतं तूप खोलीभर उडतं. पाण्याची बादली हवी ती कपडे आणि जमिनीवर पडलेल्या ठिणगीसाठी. पावडरचं अग्निशामक नळकांडं असेल तर दोन मीटर लांबून वापरा, जवळून मारलं तर निखारेच उडतात. आग कुंडाबाहेर पसरली तर माणसं बाहेर, दार ओढून घ्यायचं आणि 101 किंवा 112.

होमानंतर कुंड हलवायचं नाही. दूध किंवा पाणी शिंपडायची पद्धत असेल तर ज्वाला पूर्ण गेल्यावर, हाताने थेंबथेंब, तोंड बाजूला ठेवून. राख वरून थंड वाटली तरी आत निखारा बारा-पंधरा तास जिवंत राहू शकतो. राखेत पळीने खोलवर ढवळून बघा, मग हात वर धरून धग तपासा. दुसऱ्या दिवशी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. प्लास्टिकची पिशवी, गोणपाट किंवा सोसायटीचा कचऱ्याचा डबा नको. भस्मासाठी चिमूटभर बाजूला काढा, कुंड्यांमध्ये घालायची तर मूठभरच, कारण राखेने मातीचा क्षार वाढतो. वाळूची परात उचलल्यावर खालच्या टाइलला हात लावून पाहा. ती कोमट असेल तर पुढच्या वेळी वाळूचा थर एक इंच वाढवा.